एक रुपयाचे नाणे आणि भट्टीवरून आलेला मुलगा

(न्हावा शेवा येथे झालेल्या कार्यकर्ते व हितचिंतकांच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या अभ्यासवर्गाला भेट देऊन गेलेले पाहुणे मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात. "ताई, ही मुलं एरवी हुशार दिसतात, मग अभ्यासात त्यांचं लक्ष का लागत नाही?" आज मी त्या प्रश्नावरच बोलणार आहे. मात्र मी तो थोडा फिरवून घेते. लक्ष लागते तेव्हा काय घडलेले असते? आणि ते घडावे म्हणून मोठ्या माणसांना आधी काय मांडून ठेवता येते?

इथे बंदरात काम करणारी मंडळी बसली आहेत, म्हणून सुरुवात बंदरापासून करते. धक्क्यावरच्या मोठ्या क्रेनच्या केबिनला तळाशी काच असते. चालक पुढे वाकून त्या काचेतून खाली बघत असतो. कंटेनरच्या चार कोपऱ्यांत चार लॉक बसवायचे, उचलायचे आणि ट्रेलरवर ठेवायचे, एवढेच त्याचे काम. लॉक बसले की नाही ते दिवा लगेच सांगतो. जगभरच्या बंदरांत एका क्रेनने तासाला साधारण २५ ते ३० कंटेनर हलतात, म्हणजे दर दोन-अडीच मिनिटांनी एक काम पुरे होते आणि दुसरे सुरू होते. हे काम करणाऱ्या एका भावांनी मला सांगितले, "ताई, ट्रेलर वेळेवर येत राहिले की पाळी कधी संपली कळत नाही. रांग अडली आणि हात रिकामे राहिले की मात्र अंग दुखायला लागतं." थकवणारे काम तेच होते, माणूसही तोच होता. फरक पडला तो कामाची लय तुटल्यामुळे.

या अवस्थेचा आयुष्यभर अभ्यास करणारे एक मानसशास्त्रज्ञ होते, मिहाय चिक्सेंटमिहाय. जन्म १९३४, मूळचे हंगेरियन, पुढे अमेरिकेत शिकागो विद्यापीठात प्राध्यापक झाले. गिर्यारोहक, बुद्धिबळ खेळणारे, नर्तक, संगीतकार, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर अशा लोकांना ते विचारत, की पैसा किंवा बक्षीस नसतानाही तुम्ही या कामात इतके का रमता? उत्तर देताना बऱ्याच जणांच्या तोंडी पाण्याच्या ओढीची उपमा आली, आपण वाहत नेले जातो अशी. म्हणून त्यांनी या अवस्थेला 'फ्लो', म्हणजे प्रवाह असे नाव दिले. १९७५ साली त्यांचे यावरचे पहिले पुस्तक आले. आपल्याकडे तल्लीन होणे, भान हरपणे, रंगणे असे शब्द आहेतच. तंद्री हा शब्द मात्र मी इथे वापरणार नाही. तंद्रीत माणूस हातातल्या कामापासून दूर गेलेला असतो, आणि इथे तो कामाच्या अगदी आत असतो.

त्यांना जे आढळले त्यातल्या तीन गोष्टी आपल्याला पुरेत. आता या क्षणी काय करायचे ते करणाऱ्याला स्वच्छ ठाऊक असावे. आपले बरोबर झाले की चुकले, हे त्याला लगेच कळावे. आणि काम त्याच्या कुवतीला नेमके भिडणारे असावे. कुवतीपेक्षा फार मोठे असले की माणूस धास्तावतो, फार लहान असले की कंटाळतो. बाहेरून बघणाऱ्याला मात्र धास्तावलेले मूल आणि कंटाळलेले मूल सारखेच दिसते. दोघेही खिडकीबाहेर बघत असतात. आपण दोघांनाही "लक्ष दे" असेच म्हणतो, आणि त्याचा दोघांनाही उपयोग होत नाही.

आता खेळाचे उदाहरण घेते. ते तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलेले असेल, पण मी त्याकडे एका वेगळ्या कारणासाठी बघते. दादरच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सर मुलांना क्रिकेट शिकवत. अकरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरला त्याचा मोठा भाऊ अजित तिथे घेऊन गेला. पहिल्या दिवशी सर समोर उभे राहून बघत होते आणि सचिनला काही केल्या नीट खेळता येईना. मग अजितने सरांना विनंती केली, की त्याला आणखी एक संधी द्या, पण तुम्ही निघून गेल्यासारखे करा आणि लांबून बघा. सर झाडाआड जाऊन उभे राहिले. बघणारा डोळा समोरून हलला आणि मुलगा रोजच्यासारखा खेळू लागला. त्याला शिबिरात घेतले गेले.

हा प्रसंग मी आमच्या नव्या कार्यकर्त्यांना नेहमी सांगते. रमण्यासाठी स्वतःचा विसर पडावा लागतो, आणि कोणीतरी आपल्याला जोखते आहे हे दिसत असेल तर तो पडत नाही. वर्गात एकेका मुलाला उभे करून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावले जाते, तेव्हा त्याचे अर्धे डोके अक्षरांत असते आणि अर्धे हसणाऱ्या मुलांकडे.

पुढची गोष्ट नाण्याची. उन्हाळ्याच्या सुट्टीत सचिनचा दिवस सकाळी नेटमध्ये सुरू होई, दुपारी सामना आणि संध्याकाळी पुन्हा सराव. सगळे आटोपत आल्यावर शेवटची पंधरा मिनिटे सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. शिबिरातले सगळे गोलंदाज पाळीपाळीने येऊन गोलंदाजी करत आणि साठ-सत्तर मुले क्षेत्ररक्षणाला उभी असत. बाद झाला नाही तर नाणे सचिनचे. इतकी मुले मैदानात असताना चेंडू उंच उडाला की कोणीतरी झेलणारच. म्हणून प्रत्येक चेंडू जमिनीलगत मारण्यावाचून गत्यंतर नसे. त्यानंतर पॅड आणि ग्लोव्ह्ज चढवूनच मैदानाला दोन फेऱ्या माराव्या लागत. हे सारे तेंडुलकरांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. अशी तेरा नाणी त्यांनी जपून ठेवली आहेत.

लोक ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला तीत सरांचे मोजमाप दिसते. "मोठा फलंदाज हो" असे त्यांनी सांगितले नाही. पंधरा मिनिटे बाद होऊ नकोस, एवढेच सांगितले. निकालासाठी कोणाची वाट बघायची नव्हती, कारण प्रत्येक चेंडूचा निकाल तिथल्या तिथे लागत होता. आणि दिवसभर खेळलेल्या, एरवी त्या गोलंदाजांना सहज तोंड देणाऱ्या मुलासमोर त्यांनी मैदान भरून टाकले. जे सोपे झाले होते ते पुन्हा पुरेसे अवघड केले. तेच नाणे त्याच दिवशी आलेल्या नवख्या मुलापुढे ठेवले असते तर ते दुसऱ्या चेंडूला गेले असते, पाचव्या दिवशीही तसेच झाले असते, आणि सहाव्या दिवशी तो मुलगा आला नसता. नाणेही रुपयाचेच होते. माझे मत विचाराल तर तिथे पाचशेची नोट ठेवायला नको होती, नाहीतर डोळा चेंडूवर न राहता नोटेवर राहिला असता.

संगीतातले उदाहरण मी आपल्याच लोकांकडून घेते. जव्हार, मोखाडा, डहाणू या भागात वारली समाजात तारपा वाजतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा असे ते वाद्य. वाजवणारा गाल फुगवून त्यात हवा धरतो आणि नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर मध्ये तुटत नाही. त्याच्याभोवती स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेला धरून साखळी करतात. वाजवणाऱ्याने चाल बदलली की साखळीचे पाऊल आणि वळण बदलते. मी जव्हारकडे हा नाच पाहिला तेव्हा साखळीच्या शेपटाला सात-आठ वर्षांची मुले होती. त्यांना पाऊल मोजून शिकवणारे कोणी नव्हते. पाऊल चुकले की शेजारच्या हाताला हिसका बसतो आणि मुलाला बोलून दाखवावे न लागता चूक कळते. शेपटाचे मूल अडखळले तरी नाच थांबत नाही, म्हणजे लाजेचे कारण उरत नाही. चार चाली जमल्या की ते साखळीत थोडे पुढे सरकते. ही मुले रात्री उशिरापर्यंत नाचत होती. त्यांना कोणी "लक्ष दे" म्हटले नाही.

आपल्या गायनवृंदाच्या सरावातही हे दिसते. नवे गीत पहिल्याच दिवशी चारही आवाजांत पूर्ण म्हणायला घेतले की मागच्या ओळीतले लोक नुसते ओठ हलवतात. पेटीवर एक ओळ, तीही संथ लयीत घेतली की तेच लोक मान वर करून गाऊ लागतात.

मुलांच्या शिक्षणात हे ओळखणाऱ्या दोन बाया महाराष्ट्रात होऊन गेल्या, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. मूल रमले की तेच काम पुन्हा पुन्हा करते आणि त्या वेळी त्याला मोडू नये, हे माँटेसोरीबाईंनी इटलीत पाहिले होते. पण त्यांची साधने महागडी आणि शहरी मुलांची होती. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या वारली मुलांसाठी त्यांनी खडे, शिंपले, बिया आणि पाने हीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या पाड्यावर अंगणात बालवाडी घेऊन गेल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलाच्या हाताला जे आधीच माहीत आहे तिथून त्यांनी सुरुवात केली, म्हणून काम त्याच्या कुवतीला भिडले.

आता आपल्या वर्गातल्या एका मुलाविषयी सविस्तर सांगते. त्याचे नाव मी घेत नाही. चौदा वर्षांचा कातकरी मुलगा, नाव आठवीच्या हजेरीपटावर. आपल्या भागातली बरीच कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. हा मुलगा चार वर्षे तसा गेला होता. म्हणजे वर्ग पुढे सरकत राहिला आणि वाचन होते तिथेच थांबले. त्यात घरी कातकरी बोली आणि पुस्तकात पुस्तकी मराठी. पहिल्या संध्याकाळी तो आठवीचे इतिहासाचे पुस्तक घेऊन बसला. वीस मिनिटांत दोनदा पाणी प्यायला उठला, पेन्सिलीला टोक काढले, मग पोट दुखते म्हणाला.

अशा वेळी मी मुलाला बाजूला घेऊन शंभर शब्दांचा उतारा वाचायला देते आणि तो किती शब्दांना अडला ते मोजते. दहापेक्षा जास्त ठिकाणी अडला तर तो मजकूर त्याने एकट्याने वाचण्याजोगा नाही. पाच किंवा त्याहून कमी असेल तर तो सहज वाचेल. अभ्यासाची जागा या दोन्हींच्या मधे असते. हा मुलगा आठवीच्या उताऱ्यात सत्तावीस ठिकाणी अडला, चौथीच्या उताऱ्यात चौदा ठिकाणी आणि दुसरीच्या उताऱ्यात सहा. म्हणजे जागा सापडली, पण पेच पडला. दुसरीच्या पुस्तकात चिमणी-पोपटाच्या गोष्टी. चौदा वर्षांच्या, भट्टीवर मोठ्या माणसांच्या बरोबरीने राबलेल्या मुलाच्या हातात ते पुस्तक दिले की त्याची मान खाली जाते.

म्हणून मी पुस्तक बाजूला ठेवले आणि वीट कशी होते ते त्याला विचारले. तो बोलू लागला. माती कशी भिजवायची, चिखल कसा तुडवायचा, साच्यात कसा भरायचा, विटा उन्हात कशा मांडायच्या, भट्टी कशी रचायची. मी त्याचेच बोलणे सोप्या मराठीत, छोट्या वाक्यांत, मोठ्या अक्षरांत लिहून काढले. शंभरेक शब्द झाले. दुसऱ्या दिवशी तोच कागद त्याला वाचायला दिला.

वाचायचे दोघांनी मिळून, भिंतीकडे तोंड करून. एक वाचतो, दुसरा ओळीखाली बोट फिरवतो. अडला तर दुसऱ्याने मनात तीनपर्यंत मोजायचे, मग पहिले अक्षर दाखवायचे, तरी नाही जमले तर शब्द सांगायचा आणि त्या शब्दावर पेन्सिलीने ठिपका द्यायचा. शेवटी ठिपके मोजायचे. पहिल्या दिवशी अकरा ठिपके पडले, दुसऱ्या दिवशी सात, तिसऱ्या दिवशी तीन. चूक त्याला तिथेच कळत होती आणि किती पुढे गेलो तेही कळत होते. मी कोपऱ्यात बसून वह्या तपासत असे. या वेळात कोणीही, मीसुद्धा, "शाब्बास" म्हणत नाही. चांगले वाचणाऱ्या मुलाला मधेच शाबासकी दिली की तो मान वर करून आपल्याकडे बघतो, आणि तिथे धागा तुटतो.

चौथ्या दिवशी एकही ठिपका नव्हता. पण बारकाईने पाहिले तर त्याचे डोळे कागदावर नव्हते आणि बोट आवाजाच्या मागे राहत होते. मजकूर पाठ झाला होता. मग तीच वाक्ये पट्ट्यांवर लिहिली, पट्ट्या पिसल्या आणि क्रमाने लावायला दिल्या. आता वाचल्याशिवाय गत्यंतर नव्हते, आणि काम पुन्हा पुरेसे अवघड झाले. त्या संध्याकाळी बाहेर रस्त्यावरून बँड वाजवत वरात गेली. वर्गातली निम्मी मुले दाराशी धावली. हा आणि त्याचा जोडीदार उठले नाहीत. एका पट्टीवरून त्यांचा वाद चालला होता, भट्टी आधी रचतात की विटा आधी वाळवतात. मी नंतर विचारले, "किती वेळ झाला असेल रे?" तो म्हणाला, "धा मिनटं." घड्याळात पंचवीस मिनिटे झाली होती.

मूल रमले की नाही हे मी अशाच खुणांवरून ठरवते. त्याला वेळेचा अंदाज राहत नाही, आवाज आला तरी ते मान वळवत नाही, आणि कोणी न सांगता स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करते. चेहरा हसरा असेलच असे नाही. बहुतेक वेळा कपाळाला आठ्याच असतात.

काही मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर तुम्ही घरी जाऊन मला बोल लावाल. मोबाइलवरच्या खेळातही मूल असेच रमते, कारण तो खेळ करणाऱ्यांनी याच तीन गोष्टी मांडून ठेवलेल्या असतात. पुढे काय करायचे ते स्पष्ट, गुण लगेच, आणि एक पायरी जमली की थोडी अवघड पुढची पायरी. म्हणून मूल रमले एवढ्यावर समाधान मानू नये. दोन तासांनी खेळ बंद केल्यावर हातात काय उरले ते बघावे. दुसरे असे, की शिकण्यातला प्रत्येक तास रंगत नाही. अँडर्स एरिक्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये निष्णात वादकांच्या रियाजाचा अभ्यास प्रसिद्ध केला. चुकीच्या जागा पुन्हा पुन्हा घोटण्याचा असा सराव मुळात सुखाचा नसतो, असे त्याने लिहिले आहे. पाढे घोकताना, नवी पलटी गळ्यावर चढवताना कंटाळा येतो आणि तो यायचाच. अशा कामाला आम्ही दहाच मिनिटे देतो, आणि तीही वर्गाच्या सुरुवातीला. तिसरे, उपाशी मूल रमत नाही. संध्याकाळी आलेल्या मुलांना आधी भाकरी किंवा उसळ आणि मगच वह्या, हा क्रम आम्ही मोडत नाही.

एक गोष्ट देणगीदारांना सांगायची आहे, कारण गेल्या सभेत तुम्ही बाके द्यायची म्हणालात. बारा मुलांची कुवत बारा ठिकाणी असते. ती मोजायला आणि प्रत्येकासाठी मजकूर लिहायला एका माणसाला संध्याकाळ पुरत नाही. मुले चटईवर खुशाल बसतात. मला आठवड्यातून दोन संध्याकाळी येऊ शकणारी, अक्षर सुवाच्य असलेली दोन माणसे हवी आहेत.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. गणपतीपर्यंत तो चौथीच्या उताऱ्यात सात ठिकाणी अडू लागला. भट्टीवरचा मुकादम हिशेब कसा लिहितो, यावरचा मजकूर त्याने आपण होऊन सांगितला, त्यातली शिवी सोडून बाकी मी लिहून घेतला. तो सध्या वर्गातल्या लहान मुलांना वाचायला लावतो. भागाकार मात्र अजून जमलेला नाही. तिथे त्याला नेमके कुठे अडते ते मला सापडलेले नाही, वजाबाकीतल्या हातच्यात असावे असा संशय आहे. दिवाळीनंतर घरचे पुन्हा भट्टीवर निघणार आहेत. त्याच्यासाठी पट्ट्यांचे सात संच प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवले आहेत, आणि त्याच भट्टीवर जाणाऱ्या दुसऱ्या मुलाला बोट कसे फिरवायचे ते तो आतापासून शिकवतो आहे.